केस उन्हाने पांढरे होतात का?

आमच्या सल्ला केंद्रात दर सोमवारी बैठक असते. आठवडाभरात आलेल्या प्रकरणांची चर्चा होते, पुढची कामे वाटून घेतली जातात. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका बैठकीत आमची सर्वांत तरुण कार्यकर्ती एका प्रकरणाविषयी बोलत होती. सून माहेरी निघून आली होती आणि तिला परत जायचे नव्हते. तिने परत जाऊ नये असेच या मुलीचेही मत होते, आणि ती त्याची कारणे नीट सांगत होती. तेवढ्यात आमच्या आक्का म्हणाल्या, "पोरी, हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. जरा ऐक." मुलगी गप्प बसली. आम्हीही सगळ्याजणी गप्प बसलो.

घरी आल्यावर मला ते वाक्य टोचत राहिले. आक्का चुकल्या म्हणून नव्हे. त्या प्रकरणात कोण बरोबर होते ते अजून ठरायचेच आहे. टोचले ते यासाठी की माझे वय आता चौसष्ट आहे आणि अलीकडे तेच वाक्य मीही वापरू लागले आहे. गंमत अशी की त्याच आठवड्यात मी बँकेचे पासबुक हरवले तेव्हा माझा भाचा हसत म्हणाला, "मावशी, साठी बुद्धी नाठी!" आपली भाषा दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगते. चार पावसाळे जास्त पाहिले की शहाणपण येते, आणि साठी उलटली की ते जाते. मग खरे काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यासाठी नुसता कुतूहलाचा नाही. वय वाढणे ही आपल्या घरांत बाईला मिळणारी जवळजवळ एकमेव बढती आहे. सून म्हणून वीस वर्षे सोसायचे, मग सासू म्हणून चार शब्द बोलायचा अधिकार मिळतो, आणि त्या अधिकारालाच शहाणपण म्हटले जाते. आपल्या संघटनाही आता म्हाताऱ्या होत आहेत. ज्यांनी त्या उभ्या केल्या त्या आम्ही पांढऱ्या केसांच्या झालो आणि नव्या मुली आमच्यासमोर गप्प बसू लागल्या. तेव्हा वयाबरोबर शहाणपण खरेच वाढते का, हे तपासून पाहणे आपल्या कामाचा भाग आहे. मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. या विषयावर जे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटले ते तुमच्यापुढे ठेवते आणि त्यावर माझे मतही मांडते.

बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक संस्थेच्या मानवी विकास केंद्रात पॉल बाल्टेस, उर्सुला श्टाउडिंगर, जॅकी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात शहाणपण मोजण्याचा प्रयत्न सुरू केला. त्यांनी "तुम्ही शहाणे आहात का?" असे कुणाला विचारले नाही. त्यावर खोटेच उत्तर मिळते. त्यांनी लोकांपुढे आयुष्यातला एखादा पेच ठेवला आणि त्यावर जे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. ते बोलणे टेप करून कागदावर उतरवले. मग प्रशिक्षित परीक्षकांनी ते वाचून सातपैकी गुण दिले. उत्तर कुणाचे, वय काय, हे परीक्षकांना सांगितलेले नसे. त्यांच्या पेचांपैकी सर्वांत गाजलेला पेच वाचून मी दचकले होते. तो असा: एका पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचे आहे. तिने काय विचारात घ्यावे, काय करावे?

जर्मनीतल्या लोकांना हा प्रश्न कल्पनेतला वाटला असेल. आपल्या केंद्राच्या दारात तो चालत येतो.

उत्तर पाच कसोट्यांवर तपासले जाई. पहिली, माणसांच्या आयुष्याविषयीची माहिती: या वयात काय घडते, घरे कशी चालतात, लग्नाने काय बदलते. दुसरी, मार्ग काढण्याची जाण: कुणाशी बोलावे, केव्हा बोलावे, कशाच्या बदल्यात काय गमवावे लागेल. तिसरी, संदर्भ: ही मुलगी कोणत्या काळात, कोणत्या घरात, आयुष्याच्या कोणत्या वळणावर उभी आहे. चौथी, माणसांची मूल्ये वेगवेगळी असतात याचे भान. आणि पाचवी, सगळे काही आपल्याला माहीत असू शकत नाही, पुढचे सांगता येत नाही, हे ओळखून तरीही काहीतरी ठरवण्याची तयारी. पाचही कसोट्यांची सरासरी पाचाच्या वर गेली तर ते उत्तर शहाणे समजले जाई. अशी उत्तरे फार थोडी निघाली.

पुढच्या सोमवारी मी हा पेच बर्लिनचे नाव न घेता आमच्या बैठकीत टाकला. तरुण कार्यकर्ती लगेच म्हणाली, "नाही म्हणजे नाही. कायद्याने गुन्हा आहे. १०९८ ला फोन करायचा, लग्न थांबवायचं." आक्का थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "आधी पोरीला बाजूला घ्या नि का म्हणते ते विचारा. पंधराव्या वर्षी पोरीला नवरा नको असतो, घर सोडायचं असतं. कुणाचा तरी जाच असतो." ऊसतोड कामगारांच्या घरातून आलेली आमची तिसरी मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडं मुकादम उचल देतो ती जोडीला, एका कोयत्याला. बायको नसली तर अर्धाच कोयता. आईबाप तोडीला गेल्यावर पोरीला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं? ते सगळं बघून पोरगीच म्हणते, उरकून टाका."

आम्ही ही उत्तरे त्या पाच कसोट्यांवर लावून पाहिली. ती काही खरी परीक्षा नव्हती, आमचाच खेळ होता, पण डोळे उघडले. तरुणीच्या उत्तरात कायदा होता, मुलगी नव्हती. ती का म्हणते, कुणाच्या घरातली आहे, लग्न थांबल्यावर दुसऱ्या दिवशी ती कुठे झोपेल, यातले काही तिने विचारले नव्हते. आक्कांच्या उत्तरात मुलगी होती. माणसांची माहिती आणि मार्गाची जाण या दोन्ही कसोट्यांवर त्या पुढे होत्या. पण शेवटच्या कसोटीवर त्या अडल्या. "जाच असतोच" असे त्या ठाम म्हणाल्या. या मुलीच्या बाबतीत तसे नसेलही, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना खूप दिले होते आणि नेमकी एक गोष्ट काढून घेतली होती, ती म्हणजे शंका. तिसऱ्या मैत्रिणीने संदर्भ अचूक सांगितला, पण त्यातून बाहेर पडायची वाट तिच्या बोलण्यात नव्हती.

मग सगळ्यांनी मिळून एक उत्तर रचले. मुलीशी एकटीने बोलायचे. कुणावर प्रेम आहे का, दिवस गेले आहेत का, घरात कुणी त्रास देते का, शाळा का सुटली, हे हळूहळू विचारायचे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे, गावात ग्रामसेवक हाच त्याचा अधिकारी असतो, न्यायालयाकडून लग्नाला मनाई मिळू शकते, हे आपल्याला माहीत हवे. लग्न झालेच तर अठरा पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत मुलीला ते रद्द करून मागता येते, हेही. आमच्या तरुणीला हे ठाऊक नव्हते, मलाही नीट आठवत नव्हते. प्रेमाचा मामला असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो मुलगा तुरुंगात जाऊ शकतो, ही गोष्ट तिच्यापासून लपवायची नाही. लग्न थांबले तर वसतिगृह, नाहीतर एखादी मावशी, आत्या शोधायची. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन भेटायचे, कारण आपण केले ते बरोबरच होते याची खात्री आज देता येत नाही. ती आपल्यावर चिडलेलीही असेल.

आता माझा राग सांगते. चौथी कसोटी, मूल्ये वेगवेगळी असतात हे भान, मी प्रथम वाचली तेव्हा मला ती पटली नाही. संशोधकांनी नमुन्यादाखल छापलेल्या उत्तरांत ठाम नकार देणारे उत्तर कमी गुणांचे होते. जास्त गुणांच्या उत्तरात असे होते की सर्वसाधारणपणे हे वाईटच, पण मुलगी अनाथ असेल, मरणाच्या दारात असेल, दुसऱ्या देशातली किंवा दुसऱ्या काळातली असेल तर वेगळा विचार करावा लागेल. मला वाटले, हेच तर आपल्याला शंभर वर्षे ऐकवले गेले! आमची रीत वेगळी, आमचा समाज वेगळा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने खटला घातला. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा तुरुंगात जाईन असे त्या म्हणाल्या. दोन्ही बाजू समजून घेणे म्हणजे शहाणपण असेल, तर मग रखमाबाई अडाणी ठरतील की काय?

पुन्हा नीट वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला. बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे की मूल्यांचे भान म्हणजे काहीही चालते असे नाही. थोडी मूल्ये सर्वांसाठीच असतात, आणि स्वतःचे व इतरांचे भले हा शहाणपणाचा पाया आहे. मूल्ये समजून घेणे आणि त्यांना मान डोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न पंधराव्या वर्षी होऊ नये यावर मी तसूभर मागे हटणार नाही. पण त्या मुलीच्या आईला अब्रू म्हणजे काय वाटते हे मला कळले नाही तर मी एक लग्न थांबवीन आणि पुढच्या महिन्यात तेच लग्न दुसऱ्या गावात गुपचूप लागेल. आपल्यापैकी अनेकींनी हे पाहिले आहे. उरलेला निम्मा राग मात्र मी ठेवला आहे. गुण देणारे परीक्षक बहुतेक शिकलेल्या, शांतपणे बोलणाऱ्या जगातले. संतापून बोललेले शहाणपण त्यांच्या कागदावर किती उतरेल, याची मला शंका आहे.

आता वयाकडे येते. बर्लिनच्या या अभ्यासांतून जे निघाले ते दोन्ही म्हणींना खोटे पाडते. चौदा-पंधरा वर्षांपासून विशीपर्यंत ही जाण झपाट्याने वाढते. त्यानंतर मात्र विशीपासून साधारण पंचाहत्तरीपर्यंत रेघ जवळजवळ सपाट आहे. तिशीतली बाई आणि सत्तरीतली बाई यांच्या सरासरी गुणांत फरक नाही. पंचाहत्तरीच्या पुढे स्मरण आणि विचारांचा वेग फार मंदावल्याने घट होऊ लागत असावी असे संशोधकांना वाटते. म्हणजे नुसत्या केसांच्या रंगाने शहाणपण वाढत नाही. पण साठीला बुद्धी नाठी होते हेही खरे नाही. याच वयात पाठांतर आणि झटपट हिशेब मंदावतात, पण आयुष्याविषयीची जाण टिकून राहते. सर्वांत चांगल्या उत्तरांतही म्हाताऱ्यांचा वाटा बरोबरीचा होता. माझे पासबुक हरवते ते एका कप्प्यातले, आणि पेचात काय करावे हे कळते ते दुसऱ्या कप्प्यातले.

या सपाट रेघेकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. हे अभ्यास एकाच वेळी वेगवेगळ्या वयांच्या माणसांची तुलना करतात, एकाच बाईला तिशीपासून सत्तरीपर्यंत पाहत नाहीत. तेव्हाच्या बर्लिनमधली सत्तरीची बाई पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेली, दुसऱ्यात होरपळलेली. तिशीतल्या बाईचे बालपण, शाळा सगळेच निराळे. फरक वयाचा किती आणि पिढीचा किती, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. दुसऱ्या देशांत चित्र बदलतेही. अमेरिकेत इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना भांडणांच्या गोष्टी वाचायला दिल्या आणि पुढे काय होईल असे विचारले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साठीच्या पुढचे लोक इतरांपेक्षा जास्त बाजू पाहणारे, तडजोड शोधणारे निघाले. २०१२ साली त्यांनी जपानशी तुलना केली, तर तिथे वयाने फरक पडत नव्हता. तरुण जपानी माणसेच आधीपासून पुढे होती. म्हणजे भांडण कसे हाताळायचे हे समाज तुम्हाला केव्हा शिकवतो, यावरही बरेच अवलंबून असते.

मग वय नाही तर कशाने वाढते? बर्लिनच्या अभ्यासांत दोन गट पुढे होते. एक, मानसोपचाराचे काम करणारे मानसशास्त्रज्ञ, म्हणजे रोज दुसऱ्यांच्या पेचांत बसणारी माणसे. दुसरा, ज्यांना इतरांनी शहाणे म्हणून सुचवले होते अशी माणसे. त्यांतले बहुतेक मानसशास्त्रज्ञ नव्हते, तरी त्यांचे गुण पहिल्या गटाइतकेच होते. वर्षे सगळ्यांचीच जातात. त्या वर्षांत माणसांच्या अडचणी जवळून पाहायला मिळाल्या का, आणि पाहिल्यावर त्यांवर विचार झाला का, हा खरा मुद्दा दिसतो. चाळीस वर्षे एकच स्वयंपाकघर आणि एकच हुकूम वाट्याला आला, आणि विचार करायला ना सवड ना सोबत मिळाली, तर त्या बाईला दोष कसा देणार? सासूचे वय वाढले पण शहाणपण वाढले नाही, असे आपण सहज म्हणतो. ते वाढायला जे लागते ते तिला कुणी दिले होते का, हेही विचारायला हवे.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सल्ला केंद्रात मी पंचवीस वर्षे बसले. किती बायकांना म्हटले असेन, "तुला काय हवं ते आधी सांग." नऊ वर्षांपूर्वी माझी स्वतःची मुलगी रात्रीच्या गाडीने घरी आली आणि म्हणाली, "आई, मी परत जाणार नाही." माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "लोकांना काय सांगायचं?" दुसरे निघाले, "जरा समजून घेऊन बघ." ती दोन दिवस राहिली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. आमचे बोलणे पुन्हा नीट सुरू व्हायला वर्ष लागले. त्या रात्री माझे वय, माझा अनुभव, माझे शिक्षण कुठे गेले होते?

या अनुभवालाही संशोधनात नाव आहे. ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी सांगितले, कल्पना करा की तुमच्या जोडीदाराने तुम्हाला फसवले आहे. काहींना सांगितले, तुमच्या मित्राला त्याच्या जोडीदाराने फसवले आहे. मित्राविषयी बोलताना लोक जास्त बाजू पाहत, आपल्याला सगळे माहीत नाही हे मान्य करत. स्वतःविषयी बोलताना तीच कुवत कमी पडे. इतरांचे न्याय उत्तम करणाऱ्या पण स्वतःच्या घरात चुकलेल्या राजा सॉलोमनचे नाव त्यांनी याला दिले. आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वीस ते चाळीस वर्षांच्या आणि साठ ते ऐंशी वर्षांच्या माणसांत हा दोष सारखाच होता. वयाने तो जात नाही. तो कमी झाला ते स्वतःच्या पेचाकडे थोडे लांबून, एखाद्या तिसऱ्या माणसाचा असल्यासारखे पाहायला सांगितल्यावर. त्या रात्री मी स्वतःला एवढेच विचारले असते, की हीच मुलगी केंद्रात आली असती तर मी काय म्हणाले असते, तरी पुरे होते.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ मोनिका आर्डेल्ट यांनी बर्लिनच्या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला आहे. कागदावरच्या परक्या मुलीविषयी चांगले बोलणे हे ज्ञान झाले. शहाणपण माणसात असते, स्वतःकडे पाहण्यात आणि दुसऱ्याविषयीच्या कळवळ्यात असते, असे त्या म्हणतात. मला दोन्ही पटते. ज्ञानाशिवाय कळवळा मुलीला परत सासरी धाडतो. कळवळ्याशिवाय ज्ञान तिला नुसता फोन नंबर देते.

शेवटी एक अभ्यास, जो आपण तसाच उचलून वापरू शकतो. श्टाउडिंगर आणि बाल्टेस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एकटे बोलावले नाही. ज्याच्याशी आयुष्यातल्या अडचणी बोलता येतात अशा ओळखीच्या माणसाबरोबर जोडीने बोलावले. काही जोड्यांना पेचावर आधी आपसात बोलू दिले, मग प्रत्येकाला थोडा वेळ एकट्याने विचार करू दिला, आणि त्यानंतर उत्तर घेतले. ही उत्तरे नेहमीच्या पद्धतीने दिलेल्या उत्तरांपेक्षा बरीच सरस निघाली. आणि या देवाणघेवाणीचा फायदा तरुणांपेक्षा मोठ्या वयाच्या माणसांना जास्त झाला. मनातल्या मनात त्या माणसाशी बोलून घेतले तरी उत्तर सुधारले. म्हणजे म्हातारीकडे साठा असतो, पण तो बाहेर यायला समोर कुणीतरी बोलणारे लागते. तरुण मुलीला गप्प केले की आपण आपलेच शहाणपण कमी करतो.

आमच्या केंद्रात आता एक नियम केला आहे. अवघड प्रकरण एका बाईकडे देत नाही, एक मोठी आणि एक तरुण अशा दोघींकडे देतो. दोघींनी आधी बोलायचे, मग रात्रभर थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी मत सांगायचे. आधी तरुणीने, मग मोठीने. आक्कांना हे सुरुवातीला रुचले नाही. पण परवाच्या बैठकीत त्या मुलीचे बोलणे पुरते ऐकून घेऊन म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं." चाळीस वर्षांच्या कामात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तुमच्या गटात ते शेवटचे कधी आणि कुणाच्या तोंडून ऐकले, हे आठवून पाहा, आणि आम्हालाही कळवा.